‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा येणारे रिटर्न: फवारणी पंपाच्या वर्णनातल्या अटींची दुरुस्ती

परभणीत जिंतूर रोडला शेती अवजारांचं दुकान असलेले एक काका आहेत. चार वर्षांपासून ते दुकानासोबत ऑनलाइनही माल विकतात, आणि त्यांच्या मालाची वर्णनं लिहून द्यायचं काम माझ्याकडे आहे. सोयाबीनच्या पहिल्या फवारणीचे दिवस आले की त्यांचा फोन ठरलेला. या वर्षी फोन उचलताच म्हणाले, “पुन्हा पंप वापस यायलेत बघ. आन् कारण एकच लिहायलेत, वर्णनाप्रमाणे नाही. आरं, वर्णन तर तूच लिहिलंस!”

वर्णन मीच लिहिलं होतं, हे खरं. त्याआधीच्या वर्षीही हीच तक्रार आली होती आणि तेव्हा मी ते ‘दुरुस्त’ही केलं होतं. तरी तक्रार परतली. त्यामुळे यंदा नुसतं वर्णन न बघता परत आलेल्या एकेका ऑर्डरचं कारण आणि ग्राहकाचा संदेश काढून वाचत बसलो. वस्तू साधीच आहे: पाठीवरचा १६ लिटरचा बॅटरी फवारणी पंप, आत १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी, सोबत चार्जर, लान्स आणि तीन-चार नोझल.

परत येणाऱ्या मालात कारणाला एवढं महत्त्व का, ते आधी सांगतो. ग्राहकाला वस्तू नको झाली आणि त्यानं परत केली, तर त्याचे नियम वेगळे. वस्तू खराब निघाली किंवा वर्णनाशी जुळली नाही, तर चूक विक्रेत्याची धरली जाते. मग जायचं-यायचं कुरिअर विक्रेत्याच्या खात्यातून कापलं जातं आणि खात्याच्या गुणांकनावरही डाग लागतो. फवारणी पंपाचं कुरिअर स्वस्तही नसतं. खोका साधारण ४० × २२ × ५२ सेंटीमीटरचा. या तिन्हींच्या गुणाकाराला ५००० नं भागायची कुरिअरवाल्यांची नेहमीची रीत लावली, तर वजन सव्वानऊ किलोच्या आसपास धरलं जातं, मग पंप काट्यावर सहाच किलो भरू द्या. असे दोन फेरे झाले की त्या पंपावरची कमाई तर जातेच, वर पदरचे पैसे घालावे लागतात.

आता मी गेल्या वर्षी केलेली ‘दुरुस्ती’ बघा. वर्णनाच्या शेवटी मी ठळक ओळ टाकली होती: “वापरलेला पंप परत घेतला जाणार नाही. अनबॉक्सिंग व्हिडिओ नसल्यास कोणतीही तक्रार ऐकली जाणार नाही.” दुकानातल्या पावतीबुकावर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलेलं असतं ना, त्याच घरातली ही ओळ. काकांना ती फार आवडली होती. मलाही तेव्हा पटली होती.

ती दोन्ही बाजूंनी चुकीची होती. एक तर त्याच पानावर वरच्या बाजूला मार्केटप्लेसनं स्वतः छापलं होतं, ‘७ दिवसांत बदलून मिळेल’. एकाच पानावर दोन अटी दिसल्या की ग्राहक आपल्या सोयीची धरतो, आणि मार्केटप्लेस स्वतःची. विक्रेत्याची ओळ कोणीच धरत नाही. ती फक्त पुरावा म्हणून उरते, तोही आपल्याच विरोधात. दुसरं म्हणजे कायदा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधल्या सहाव्या नियमानुसार वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. व्हिडिओ नाही म्हणून त्यातून सुटका, असं त्या नियमात कुठंही नाही. त्याच नियमात असंही आहे की परत, बदल आणि पैसे परत करण्याच्या अटी विक्रेत्यानं अचूक द्यायच्या, परत पाठवायचा खर्च कोणाचा तेही सांगायचं, आणि हे सगळं सहज दिसेल अशा जागी असायला हवं. मी टाकलेली ओळ सहज दिसत होती, अचूक मात्र नव्हती.

ती ओळ काढली. तरी ग्राहकांचे संदेश वाचल्यावर लक्षात आलं की खरं दुखणं वेगळंच आहे. बहुतेकांनी ‘तुम्ही परत घेत नाही’ असं म्हटलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं होतं, “एक वर्ष गॅरंटी लिहिली, आता बॅटरी सहा महिनेच म्हणायलेत.”

मी वर्णन पुन्हा वाचलं. त्यात एक वर्ष कुठंच नव्हतं. मग हे आलं कुठून?

सापडलं ते चौथ्या फोटोत. पंपाचा तो फोटो उत्पादकाकडून आला होता आणि त्याच्या कोपऱ्यात लाल गोलात छापलं होतं, ‘१ वर्ष गॅरंटी’. फोटोतला मजकूर वर्णनात शोधून सापडत नाही, म्हणून दोन वर्षं तो माझ्या नजरेतून सुटला. खोक्यातलं वॉरंटी कार्ड काढून बघितलं, तर तिथं तिसरंच: पंप आणि मोटारीला १२ महिने, बॅटरी आणि चार्जरला ६ महिने, नोझल, पाइप, वॉशर, गाळणी यांना काही नाही. माहिती भरायच्या फॉर्ममध्ये वॉरंटीचा वेगळा रकाना असतो. त्यात काकांच्या पुतण्यानं कधीतरी ‘1 Year’ निवडून ठेवलं होतं. म्हणजे वॉरंटी चार ठिकाणी लिहिलेली होती आणि मी दर वर्षी त्यातलं एकच दुरुस्त करत होतो.

तुमच्याकडेही हीच तक्रार फिरून फिरून येत असेल, तर वर्णनाला हात लावायच्या आधी या चार जागा एका कागदावर शेजारी शेजारी लिहा: वर्णन, फोटोंवरचा मजकूर, फॉर्ममधला वॉरंटीचा रकाना आणि खोक्यातलं कार्ड. कार्ड उत्पादकानं दिलेलं असतं आणि दुरुस्ती शेवटी त्याच कार्डावर होते, म्हणून बाकी तिन्ही जागा कार्डाशी जुळवायच्या. उलटं करू नका. विक्री वाढावी म्हणून वर्णनात वर्षभर लिहिलं, तर उरलेल्या सहा महिन्यांची बॅटरी स्वतःच्या खिशातून द्यायची तयारी ठेवायला लागते.

परत करण्याच्या मुदतीचं मात्र वेगळं आहे. ती आपण ठरवत नाही, आपण निवडलेल्या वर्गवारीवरून मार्केटप्लेस ठरवतं. काकांचा पंप आधी ‘बागकामाची हत्यारं’ या वर्गात होता, मग ‘स्प्रेअर’मध्ये गेला, आणि वर्ग बदलताच पानावरची परत करण्याची अटही बदलली. आम्हाला कोणी कळवलं नाही. वर्णनात मात्र जुने दहा दिवस तसेच राहिले. तेव्हापासून मी वर्णनात दिवसांचा आकडा लिहितच नाही. ‘किमतीजवळ दिलेली मुदत लागू’ एवढंच लिहितो, आणि ती मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची ते सांगतो. आपल्या पानावर सध्या कोणती अट दिसते ते विक्रेत्याच्या खात्यातून नव्हे, घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवरून ग्राहकासारखं जाऊन बघा. ओएनडीसी या खुल्या ऑनलाइन व्यापाराच्या जाळ्यावर माल टाकणाऱ्यांना हे सूत्र जसंच्या तसं चालणार नाही. तिथं माल परत घेणार का आणि किती दिवसांत, ते विक्रेत्याच्याच यादीतून जातं:

```
"@ondc/org/returnable": true,
"@ondc/org/return_window": "P7D"
```

`P7D` म्हणजे सात दिवस. तुमचं ॲप हे रकाने साध्या भाषेत दाखवत असेल, पण वर्णनात तीन दिवस आणि इथं सात असेल, तर भांडण सात दिवसांवरच होणार.

आता शब्दांकडे येतो. आकडे जुळले तरी शब्द फसवतात. आपल्याकडे ‘परतावा’ म्हटलं की अर्ध्या लोकांना माल परत करणं वाटतं आणि अर्ध्यांना पैसे परत मिळणं. इंग्रजी वर्णनाचा आपोआप मराठी तर्जुमा होतो, तेव्हा हा घोटाळा आणखी वाढतो. ज्या पंपावर फक्त बदलून मिळायची सोय आहे, तिथं ‘७ दिवसांत परतावा’ दिसला की ग्राहक पैशांची वाट बघत बसतो. म्हणून ‘परतावा’ सोडा. ‘माल परत’, ‘पैसे परत’ आणि ‘बदलून दुसरा’ असे तीन वेगळे शब्द वापरा. ‘एक्सचेंज’ तर मी आता लिहीतच नाही. मोबाइलच्या जाहिरातींनी त्याचा अर्थ ‘जुनं द्या, नवं घ्या’ असा करून ठेवलाय. सेलूच्या एका शेतकरीदादांनी चक्क विचारलं होतं, “माझा जुना हातपंप घेऊन किती कमी करता?” त्यांचं काय चुकलं?

गॅरंटी आणि वॉरंटीचंही तसंच. गावाकडे ‘ग्यारंटी’ म्हणजे मोडलं की नवं, आणि ‘वॉरंटी’ म्हणजे दुरुस्त करून मिळेल, अशी समजूत पक्की आहे. ती सगळीकडे बरोबर असतेच असं नाही, पण ग्राहक तीच धरून खरेदी करतो. तेव्हा यातला कोणताही शब्द एकटा सोडू नका. लगेच पुढे क्रियापद यायला हवं: दुरुस्त करून देऊ, की बदलून देऊ.

खूप खोडाखोड करून काकांच्या पंपासाठी शेवटी जे लिहिलं, ते असं:

“पंप हातात आला की औषध भरण्याआधी पाच लिटर साधं पाणी भरून दहा मिनिटं चालवून बघा. मोटार सुरू होत नसेल, टाकी किंवा पाइप गळत असेल, किंवा एखादा सुटा भाग आला नसेल, तर ॲपमध्ये ‘माझ्या ऑर्डर’मध्ये जाऊन लगेच कळवा. बदलून दुसरा पंप मिळण्याची मुदत वर किमतीजवळ दिली आहे. ती पार्सल मिळालेल्या दिवसापासून मोजतात. सदोष पंप परत पाठवायचा खर्च तुमच्याकडून घेतला जात नाही.

ती मुदत संपल्यावर बिघाड झाला तर उत्पादकाची वॉरंटी आहे. पंप आणि मोटार: बिलाच्या तारखेपासून १२ महिने, दुरुस्त करून मिळेल. बॅटरी आणि चार्जर: बिलाच्या तारखेपासून ६ महिने, तपासून दोष आढळला तर बदलून मिळेल. नोझल, पाइप, वॉशर, गाळणी हे झिजणारे भाग आहेत, त्यांना वॉरंटी नाही. दुरुस्ती केंद्राचा पत्ता खोक्यातल्या कार्डावर आहे. तिथपर्यंत पंप नेण्याचा किंवा पाठवण्याचा खर्च ग्राहकाचा. सोबत बिल लागेल. ज्या फोनवरून ऑर्डर केली त्याच फोनच्या ॲपमध्ये ते मिळेल.”

यातल्या काही वाक्यांमागची गोष्ट सांगायला हवी. साध्या पाण्याचं वाक्य माझं सगळ्यात आवडतं आहे, कारण ते नुसती अट घालत नाही, ग्राहकाकडून एक काम करून घेतं. पूर्वी व्हायचं असं की पार्सल यायचं, पावसाची उघडीप नसायची, खोका कोपऱ्यात पडून राहायचा, आणि दहाव्या दिवशी थेट औषध भरून पंप पाठीवर. गळतो हे तेव्हा कळायचं. तोवर बदलून मिळायची मुदत गेलेली आणि पंपात कीटकनाशक. साध्या पाण्यावर तपासणी पहिल्याच दिवशी होते आणि परत येणारा पंप स्वच्छ येतो. बऱ्याचदा तर तो येतच नाही. गळती म्हणून आलेल्या पंपांत लान्सच्या सांध्यातला वॉशर बसवलेलाच नव्हता, पुडीतच राहिला होता. औषध भरल्यावर दोष कळला तरी खरा दोष नाकारता येत नाही. अशा ग्राहकाला आम्ही संदेशातून सांगतो की टाकी, पाइप आणि नोझल तीन वेळा स्वच्छ पाण्यानं धुवा, ते पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकू नका, आणि पंप पूर्ण वाळवूनच पाठवा.

दोन तारखा मुद्दाम वेगळ्या लिहिल्या आहेत. बदलायची मुदत पार्सल मिळाल्यापासून, वॉरंटी बिलापासून. मानवत, पाथरीच्या आतल्या गावांना पार्सल पोचायला पाच-सहा दिवस लागतात. दोन्ही मुदती एकाच दिवसापासून मोजल्या, तर शेवटच्या आठवड्यात हमखास वाद होतो.

बिलाच्या वाक्याचंही तसंच. आपल्याकडे ऑर्डर पुतण्याच्या नाहीतर शेजाऱ्याच्या पोराच्या फोनवरून होते. सहा महिन्यांनी तो पोरगा पुण्याला कामाला गेलेला असतो आणि बिल त्याच्या ॲपमध्ये. म्हणून आता पंप मिळाल्यावर आम्ही एक संदेश पाठवतो: बिल आत्ताच उतरवून ठेवा आणि टाकीखालच्या पट्टीवरच्या नंबराचा फोटो काढा. संदेश मार्केटप्लेसच्या खिडकीतूनच जातो. वर्णनात काकांचा मोबाइल नंबर टाकायचा मोह मी दोनदा मोडून काढला, कारण तसा नंबर टाकला की बहुतेक ठिकाणी पानच बंद पडतं. दुरुस्ती केंद्राचा नंबर खोक्यातल्या कार्डावर असतो, तेवढा पुरतो.

सगळ्यात जास्त डोकं बॅटरीनं खाल्लं. तक्रारी कधी येतात ते पाहिलं, तर पंप विकल्यानंतरच्या महिन्यात नाही, पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये. जून-जुलैत घेतला, सप्टेंबरपर्यंत वापरला, शेवटच्या फवारणीनंतर उतरलेल्या बॅटरीसह माळवदावर ठेवून दिला. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिली की तिच्या पत्र्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि मग ती चार्ज धरत नाही. पुढच्या जूनमध्ये शेतकऱ्याच्या हिशेबानं पंप ‘फक्त तीन महिने वापरलेला’ असतो. त्याचं म्हणणं खोटं नसतं, पण बिलाला वर्ष होत आलेलं असतं. इथं वॉरंटीची अट कितीही सोपी करून लिहिली तरी माणूस चिडणारच. त्यामुळे वॉरंटीखाली एक ओळ वाढवली: “हंगाम संपल्यावर बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा आणि वापर नसेल तेव्हा महिन्यातून एकदा चार्ज करा. उतरलेली ठेवली तर बॅटरी खराब होते, आणि ६ महिन्यांनंतर ती बदलून मिळत नाही.” काका आधी नको म्हणत होते. “आसं लिहिलं तर घेईल कोण?” त्यांचा मुद्दा अगदीच फोल नाही. पण ही ओळ नसताना पुढच्या जूनमध्ये एक तारा देऊन जाणारा ग्राहक जास्त महाग पडतो, असं माझं मत. शेवटी ती ओळ राहिली.

लिहून झालं की एक चाचणी करतो. वर्णन न बघितलेल्या माणसाला पान दाखवून तीन प्रश्न विचारायचे: पंप उद्या गळका निघाला तर काय करशील? दोन महिन्यांनी मोटार बंद पडली तर कुठं जाशील आणि खर्च कोणाचा? आठ महिन्यांनी बॅटरी गेली तर काय मिळेल? मी हे दुकानातल्या हमालदादांना विचारलं. पहिली दोन उत्तरं बरोबर आली. तिसऱ्याला म्हणाले, “नवी मिळंल की, फोटूत वर्षाचं लिहिलंय.” फोटो बदलून दिला होता, पण दुसऱ्या रंगाच्या पंपाच्या पानावर जुनाच होता. रंगानुसार फोटो वेगळे चढवावे लागतात, हे विसरलो होतो.

तुमची वस्तू ॲमेझॉनसारख्या ठिकाणी असेल, तर आणखी एक गोष्ट बघा. तिथं एकाच वस्तूचं पान अनेक विक्रेत्यांचं सामाईक असतं. त्यावर ‘आम्ही बदलून देऊ’ असं लिहिलं तर तो ‘आम्ही’ नेमका कोण, हे ग्राहकाला कळत नाही, आणि विक्रेत्यानं स्वतःच्या अटी वर्णनात घालणं तिथल्या नियमांतही बसत नाही. अशा पानावर फक्त उत्पादकाची वॉरंटी आणि पाण्यावर तपासायची सूचना ठेवा. आपली ओळ गायब झाली किंवा बदलली, तर दुसऱ्या विक्रेत्यानं पाठवलेला मजकूर चढलेला असू शकतो.

या सगळ्यानं थांबत नाहीत ते रिटर्न म्हणजे नव्या खोक्यात जुना पंप घालून परत पाठवणारे. तिथं वर्णनाचा काही उपयोग नाही. पाठवताना टाकीखालच्या नंबराचा फोटो काढून ठेवायचा आणि परत आल्यावर ठरलेल्या मुदतीत मार्केटप्लेसकडे दावा लावायचा.

नवं वर्णन चढवलं त्या दिवशी काकांनी विचारलं, “म्हणजे आता जुन्या सगळ्यांना सहा महिनेच सांगायचं ना?” तसं नाही. ज्यांनी लाल गोलाचा फोटो बघून पंप घेतला, त्यांना वर्षाचं वचन दिलेलं आहे, आणि ते आपण दिलंय, उत्पादकाच्या कार्डानं नाही. म्हणून जुन्या पानाचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवले आणि त्या तारखेआधीच्या ऑर्डरींची यादी काढून दुकानातल्या वहीला टाचली. त्या यादीतल्या कोणाची बॅटरी वर्षाच्या आत गेली, तर ती काका स्वतःच्या खर्चानं बदलून देतात. आत्तापर्यंत दोन गेल्यात.